दूध, वजन आणि श्वास: वेळेआधी जन्मलेल्या बाळाची रोजची नोंद वाचताना

आमची मुलगी ४ मार्चला जन्मली, तेव्हा गर्भारपणाचे २९ आठवडे आणि २ दिवस झाले होते आणि तिचे वजन १,१४० ग्रॅम भरले. २५ एप्रिलला ती घरी आली. मधल्या काळात नवजात अतिदक्षता विभागात तिच्याबद्दल रोज सकाळी एक नोंद लिहिली जायची आणि दुपारी पालकांच्या भेटीच्या वेळेत डॉक्टर त्याच नोंदीवरून आम्हाला तिची प्रकृती सांगायचे. सुरुवातीला त्यातले काहीही समजत नसे आणि सांगितलेले लक्षातही राहत नसे. ज्यांचे बाळ आज काचेच्या पेटीत आहे त्यांना ती नोंद थोडी लवकर उमजावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. यात मी फक्त दूध, वजन आणि श्वासाचा आधार या तीन गोष्टींबद्दल लिहिणार आहे, कारण बाळ स्थिर झाल्यावर रोजचे बहुतेक निर्णय त्यांच्याभोवतीच फिरतात.

नोंदीच्या पहिल्या ओळीत बाळाचे नाव नसते. नाव ठेवलेले नसल्याने फाइलवर 'अमुक यांचे बाळ' असे आईच्या नावाने लिहिलेले असते, आणि विम्याच्या कागदांपासून जन्मनोंदणीपर्यंत ते नाव अक्षरशः एकसारखे असावे लागते. माझे नाव एका फॉर्मवर माहेरच्या आणि दुसऱ्यावर सासरच्या आडनावाने गेले होते. ते पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून घेतल्याने पुढचा त्रास वाचला. त्याच ओळीत जन्मापासूनचा दिवस आणि 'आजचे गर्भवय' लिहितात. ८ व्या दिवशीच्या नोंदीत ३० आठवडे २ दिवस असे होते, म्हणजे जन्मावेळच्या वयात सात दिवस मिळवलेले. काही विभागांत जन्माचा दिवस शून्य धरतात, काही ठिकाणी एक. आमच्याकडे एक धरत असत. हे वय महत्त्वाचे अशासाठी, की बाळ किती दिवसांचे आहे यापेक्षा ते किती आठवड्यांचे झाले आहे यावर त्याला काय जमणार हे ठरते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बसू लागतो, त्यामुळे तिसाव्या आठवड्यात 'बाळ तोंडाने दूध कधी घेईल' या प्रश्नाला उत्तर नसते आणि ते नसण्यात काही वाईटही नसते.

त्या ८ व्या दिवसाची नोंद मी माझ्या वहीत उतरवून घेतली होती, कारण त्या दिवशी निवासी डॉक्टरांनी पहिल्यांदा ती मला ओळीने समजावून सांगितली. वजन १,०६५ ग्रॅम. दूध: आईचे काढलेले, तोंडातून पोटात घातलेल्या नळीने, दर दोन तासांनी ९ मिलि. श्वास: सीपॅप, दाब ५, ऑक्सिजन २१ टक्के. झटके: दोन, दोन्ही स्पर्शाने थांबले.

वजनाचा आकडा पाहून माझा धीर सुटला होता, कारण तो जन्मवजनापेक्षा कमी होता. डॉक्टरांनी सांगितले की अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात पाण्याचा अंश जास्त असतो, ते पाणी पहिल्या आठवड्यात उतरते आणि दहा टक्क्यांपर्यंतची, कधी त्याहून थोडी अधिक घट अपेक्षितच असते. आमच्या मुलीचे सर्वांत कमी वजन ५ व्या दिवशी १,०३० ग्रॅम होते. जन्मवजन पुन्हा गाठायला सहसा दहा ते चौदा दिवस लागतात, आणि ते गाठेपर्यंत दुधाचा व औषधांचा हिशेब जन्मवजनावरच करतात.

हा हिशेब कसा करतात ते कळले आणि माझ्यासाठी सगळी नोंद उघडली. दर दोन तासांनी ९ मिलि म्हणजे दिवसाला बारा वेळा, एकूण १०८ मिलि. त्याला १.१४ किलोने भागले की साधारण ९५ मिलि येतात. नोंदीत याला 'दर किलोमागे दर दिवशी' म्हणतात आणि डॉक्टरांच्या डोक्यात सतत हाच आकडा असतो. पूर्ण दूध म्हणजे साधारण १५० ते १८० मिलि. तिथपर्यंत रोज दर किलोमागे २० ते ३० मिलि अशा पायऱ्यांनी जातात आणि उरलेली गरज शिरेतून भागवतात. ज्या दिवशी 'आज दूध वाढवले नाही' असे ऐकू येईल, त्या दिवशी कारण जरूर विचारावे. पोट फुगणे, हिरवी उलटी आणि शौचात रक्त या तीन गोष्टींचे नाव निघाले तर बाळाच्या आतड्याबद्दल काळजी आहे असे समजावे. नळीतून परत आलेले थोडे पांढरे दूध एवढ्यावरून मात्र सहसा दूध थांबवत नाहीत.

माझ्या बाजूचे काम दूध काढण्याचे होते. पहिले काही दिवस एका वेळी बाटलीचा तळ जेमतेम झाकेल इतकेच निघायचे, आणि तरीही सिस्टर ते सिरिंजमध्ये ओढून घेऊन त्यावर वेळ लिहायच्या, एक थेंबही वाया जाऊ द्यायच्या नाहीत. रात्रीचे एक सत्र न चुकवता आठ वेळा दूध काढल्यावर दुसऱ्या आठवड्यात ते तिच्या गरजेच्या पुढे गेले. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ घरूनच लिहून न्यावी, कारण अर्धवट लेबल असलेले दूध विभाग घेत नाही आणि ते योग्यच आहे. दूध दर किलोमागे १०० मिलिच्या आसपास पोहोचल्यावर त्यात पोषणाची पावडर मिसळू लागले. आईचे दूध कमी पडले, असे मला त्यावरून वाटले होते. प्रत्यक्षात इतक्या लहान बाळाला हाडांसाठी आणि वाढीसाठी लागणारी प्रथिने, कॅल्शियम व फॉस्फरस त्याच्या पोटात मावेल एवढ्या दुधातून पुरत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ होता.

श्वासाच्या ओळीत दोन आकडे असतात. सीपॅप म्हणजे नाकातून सतत दिला जाणारा हलका दाब, ज्यामुळे फुप्फुसांचे छोटे कप्पे श्वास सोडल्यावरही मिटत नाहीत. श्वास बाळ स्वतःच घेते. दाब बहुधा ५ किंवा ६ असतो. दुसरा आकडा ऑक्सिजनचा, आणि त्यात २१ म्हणजे साधी हवा. म्हणून '२१ टक्के ऑक्सिजनवर आहे' हे ऐकून घाबरण्याचे कारण नसते. हा आकडा २१ च्या वर असला तर मॉनिटरवरचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, ९० ते ९५ च्या मध्ये ठेवण्याचा प्रयत्न करतात. ९८ दिसल्यावर मला बरे वाटायचे आणि सिस्टर मात्र लगेच ऑक्सिजन कमी करायच्या. जादा ऑक्सिजन अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतील पडद्याला घातक ठरू शकतो, हे त्यांनी शांतपणे समजावले, आणि चौथ्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी का होते तेही त्यामुळे कळले.

झटके हा शब्द ऐकून कोणालाही आकडी आठवेल. इथे त्याचा अर्थ श्वास थांबणे असा होता. वीस सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबून हृदयाचे ठोके अथवा सॅच्युरेशन खाली आले, तर तो नोंदवतात. मेंदूतील श्वासाचे केंद्र अजून परिपक्व नसल्याने हे होते आणि त्यासाठी रोज कॅफिन देतात. नोंदीत संख्येपेक्षा पुढचा शब्द पाहावा: आपोआप थांबला, स्पर्शाने थांबला, की मास्क लावून श्वास द्यावा लागला. दिवसाला चार आपोआप थांबलेले झटके आणि एक मास्क लागलेला झटका यांत डॉक्टरांना दुसऱ्याची चिंता अधिक असते. स्थिर असलेल्या बाळाला अचानक वारंवार झटके येऊ लागले तर ते संसर्गाचे पहिले लक्षण असू शकते, म्हणून त्या दिवशी लगेच रक्ततपासणी होते.

आता १३ व्या दिवसाबद्दल, कारण तीन ओळी एकत्र का वाचायच्या हे मला त्या दिवशी समजले. १६ मार्चची सकाळ होती. आदल्या दिवशीचे वजन १,१३५ होते आणि त्या दिवशी १,१९५ भरले होते. एका रात्रीत ६० ग्रॅम. जन्मवजन ओलांडले म्हणून मी आनंदाने घरी फोन करायला निघाले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ताई, जरा थांबा, डॉक्टर येऊ देत. आज तिचा ऑक्सिजनही वाढलाय."

वजन चुकले असेल ही शक्यता त्यांनी आधी तपासली. वजन पहाटे दूध देण्याआधी, त्याच काट्यावर करायचे असा नियम होता. दोघी सिस्टर लागायच्या: एक बाळाला उघडे करून काट्यावर ठेवायची, दुसरी सीपॅपच्या नळ्या हाताने अलगद वर धरायची, जेणेकरून त्यांचा भार काट्यावर येऊ नये. हाताला सुई टिकवण्यासाठी बांधलेली छोटी पट्टी होती की नव्हती हेही वजनापुढे लिहायचे, कारण ती पट्टी आणि चिकटपट्ट्या मिळून सहज काही ग्रॅम भरतात. त्या दिवशी पट्टी आदल्या दिवसासारखीच होती. पुन्हा वजन केले तेव्हाही १,१९५ आले.

मग डॉक्टरांनी हिशेब मांडला. चांगली वाढ म्हणजे दर किलोमागे दिवसाला १५ ते २० ग्रॅम. आमच्या मुलीसाठी साधारण वीस ग्रॅम. ६० ग्रॅम मांस आणि हाड एका रात्रीत तयार होत नाही, एवढ्या वेगाने साठते ते पाणीच. दुसऱ्या ओळीत दूध १५ मिलि, बारा वेळा, म्हणजे दर किलोमागे सुमारे १५८ मिलि झालेले. तिसऱ्या ओळीत ऑक्सिजन २१ वरून ३० टक्क्यांवर आणि दाब ५ वरून ६ वर गेलेला, श्वासाचा वेग वाढलेला. एकेकटी पाहिली तर पहिल्या दोन ओळी चांगल्या होत्या. एकत्र पाहिल्यावर त्यांचा अर्थ असा निघाला की अंगात पाणी साठत आहे आणि त्याचा भार फुप्फुसांवर येत आहे. हृदयाची सोनोग्राफी केली, तेव्हा गर्भात उघडी असणारी आणि जन्मानंतर मिटायला हवी अशी हृदयाजवळची रक्तवाहिनी, जिला डक्टस म्हणतात, अजून उघडी असल्याचे दिसले. त्यामुळे रक्ताचा जादा ओघ फुप्फुसांकडे जात होता.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हे बऱ्याचदा आढळते आणि अनेकदा ती वाहिनी आपोआप मिटते. औषध देण्यावर डॉक्टरांनी चर्चा केली आणि आमच्या मुलीच्या बाबतीत थांबून पाहायचे ठरवले. दूध १३ मिलिवर आणले, म्हणजे दर किलोमागे १४० च्या थोडे खाली, आणि दाब ६ वर ठेवला. आम्ही दोघांनी समुपदेशनाच्या कागदावर सही केली. त्या कागदावर 'पालकांना समजावले' एवढेच छापलेले असते. माझे पती काय समजले ते दोन ओळींत स्वतः लिहून मग सही करायचे, आणि पुढे विमा कंपनीने शंका काढली तेव्हा त्या ओळी उपयोगी पडल्या. १५ व्या दिवशी वजन १,१६० झाले, ऑक्सिजन २३ टक्के. वजन घटल्याचा आनंद होण्याचा तो एकच दिवस.

मार्चच्या शेवटी उलटा प्रश्न आला. २४ व्या दिवशी वजन १,३२५ होते आणि ३१ व्या दिवशी, ३ एप्रिलला, १,४१५. रोज थोडे वाढत असल्याने कोणाला खटकले नव्हते. मी वहीत आठवड्याचा हिशेब केला: सात दिवसांत ९० ग्रॅम, म्हणजे दिवसाला तेरा, आणि सरासरी वजनाने भागल्यावर दर किलोमागे साडेनऊच्या आसपास. पंधरा हवेत. दूध १६ मिलि, बारा वेळा, म्हणजे १९२ मिलि. १,३२५ ग्रॅमला ते १४५ पडत होते, पण १,४१५ ग्रॅमला १३६ च. बाळ वाढले आणि दूध तेवढेच राहिले, त्यामुळे तिचा वाटा दर दिवशी थोडा थोडा कमी होत गेला.

हे मी राउंडच्या वेळी विचारले. ज्येष्ठ डॉक्टरांनी वही हातात घेऊन पाहिली आणि सांगितले की डक्टससाठी घातलेली मर्यादा पुढे चालू राहिली होती. दोन दिवसांपूर्वीच्या सोनोग्राफीत ती वाहिनी मिटल्याचे दिसले असल्याने आता मर्यादेची गरज उरलेली नाही. शिवाय त्याच आठवड्यात तिचा सीपॅप काढला होता. आधाराशिवाय श्वास घ्यायला बाळाला जास्त श्रम पडतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते, म्हणजे ज्या आठवड्यात खर्च वाढला त्याच आठवड्यात दुधाचा वाटा घटला होता. त्या दिवसापासून दूध १९ मिलि केले, दर किलोमागे १६१, आणि नोंदीत 'दर तीन दिवसांनी वजनानुसार दूध वाढवणे' अशी ओळ आली. सीपॅप पुन्हा लावावा लागतो का यावर दोन दिवस लक्ष ठेवले. श्वासाचा वेग स्थिर राहिला आणि तो लागला नाही. पुढच्या आठवड्यात वाढ सोळाच्या वर गेली.

एका दिवसाच्या वजनावरून काहीही ठरवू नये, सात दिवसांचा हिशेब करावा, आणि वजनाशेजारी त्या दिवशीचे दूध नेहमी दर किलोमागे लिहावे, हे मी तिथे भेटलेल्या प्रत्येक आईला सांगत असे. वही साधी असावी. माझ्या वहीत तारीख, वजन, एका वेळचे दूध व किती वेळा, आणि श्वासाचा आधार एवढेच रकाने होते. मूळ नोंद रुग्णालयाची असते, तिचे फोटो काढू देत नाहीत, पण विचारून लिहून घ्यायला कोणी हरकत घेत नाही. सकाळच्या राउंडपेक्षा दुपारची वेळ त्यासाठी बरी, कारण तोपर्यंत त्या दिवसाचे बदल ठरलेले असतात.

खर्चाचाही श्वासाच्या ओळीशी थेट संबंध होता. बिलात व्हेंटिलेटर, सीपॅप आणि आधाराशिवायची पेटी यांचे दर दिवसाप्रमाणे वेगवेगळे होते, आणि बदलाचा दिवस कोणत्या दराने धरायचा यावर घोळ होऊ शकतो. सीपॅप दुपारी काढला असेल तर नोंदीत वेळ लिहिली आहे का ते विचारून घ्यावे. विमा कंपनीने आमच्याकडे आधाराच्या सर्व दिवसांच्या नोंदी मागितल्या. त्यासाठी रुग्णालयाच्या अभिलेख विभागात लेखी अर्ज, ओळखपत्र आणि प्रतींचे शुल्क द्यावे लागले, आणि प्रती मिळायला आठवडा गेला. बाळ घरी येण्याआधीच हा अर्ज दिलेला बरा.

चौतिसाव्या आठवड्यानंतर नोंदीचा सूर बदलला. कॅफिन बंद केले आणि 'झटका नाही, दिवस पहिला' अशी मोजणी सुरू झाली. औषध अंगातून पूर्ण निघून जायला बरेच दिवस लागतात, म्हणून बंद केल्यावर किमान पाच ते सात दिवस झटका न येता जायला हवेत. चौथ्या दिवशी दूध पिताना तिचे सॅच्युरेशन ७८ पर्यंत गेले आणि मला वाटले मोजणी पुन्हा शून्यावर. डॉक्टरांनी नोंदीत तो 'दुधाच्या वेळचा' असा वेगळा लिहिला: ती चोखत राहिली, श्वास घ्यायला थांबलीच नाही, आणि मी तिला छातीपासून दूर घेताच आकडा वर आला. झोपेत आलेला झटका आणि पिताना आलेला झटका यांची कारणे वेगळी असतात. पिताना तिला कुशीवर थोडे उंच धरायचे आणि दर काही घोटांनी थांबवायचे, हे सिस्टरांनी शिकवले, आणि मोजणी पुढे चालू राहिली.

दुधाच्या ओळीत आता 'आठपैकी तीन तोंडाने, बाकी नळीने' असे लिहिले जाऊ लागले. हा आकडा एखाद्या दिवशी पाचवरून पुन्हा तीनवर येतो. बाळ दमते आणि दमल्यावर जबरदस्ती करत नाहीत. आमच्याकडे घरी सोडण्यासाठी सगळे दूध तोंडाने, सलग तीन दिवस वजनवाढ, साध्या खोलीत तापमान टिकणे आणि झटक्यांविना ठरलेले दिवस या अटी होत्या. शेवटच्या नोंदीत वजन १,९८० ग्रॅम, गर्भवय ३६ आठवडे ५ दिवस, श्वास साध्या हवेवर, दूध अंगावर आणि उरलेले वाटी-चमच्याने असे होते.

डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर तिथेच बसून ते वाचले. जन्मवजन आणि जन्मावेळचे आठवडे, सीपॅप सुरू व बंद झाल्याच्या तारखा, कॅफिनचा शेवटचा दिवस, डक्टस मिटल्याची सोनोग्राफी, डोळ्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख आणि दुधातील पावडर किती दिवस चालू ठेवायची, एवढे त्यात असायला हवे. आमच्या कार्डवर डोळ्यांची पुढची तारीख राहिली होती. ती लिहून, शिक्का मारून घेतली आणि मगच निघालो. पहिली वजनतपासणी तीन दिवसांनी त्याच काट्यावर होती, आणि वहीत त्यासाठी नवी ओळ आखून ठेवली.